छत्री एकाची, मग ‘देअर’ कसं?

*नमस्कार ताई,*

*मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात. फावल्या वेळात एका खुल्या वाक्यसंग्रहासाठी इंग्रजी वाक्यं आणि त्यांची मराठी भाषांतरं पाठवते. भाषा शिकणारे लोक ती वापरतात. मागच्या आठवड्यात मी ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला ऑन द ट्रेन. आय होप दे कम बॅक फॉर इट’ असं पाठवलं. तपासणाऱ्यांनी परत पाठवलं. म्हणाले, ‘समवन’ एकवचनी, ‘देअर’ आणि ‘दे’ अनेकवचनी, म्हणून ‘हिज’ करा, नाहीतर ‘हिज ऑर हर’. शाळेत आमच्या बाईंनीही हेच शिकवलं होतं. पण इंग्रज माणसं तर असंच बोलताना ऐकते. वाक्य बदलू का? आणि मराठीत नेमकं काय लिहू?*

*– ऐरोलीची एक वाचक*

नमस्कार,

वाक्य आहे तसंच ठेवा. इंग्रजी बरोबर आहे, आणि शिकणाऱ्यांसाठीच्या संग्रहात ते याच रूपात असायला हवं. मराठी भाषांतराकडे मात्र नीट बघावं लागेल, कारण ‘देअर’चं सरळ ‘त्यांची’ केलंत तर मराठीत अर्थच बदलतो. त्याकडे शेवटी येते.

आधी तुमच्या बाईंबद्दल. त्यांनीच तुम्हाला वर्गात आणखी एक गोष्ट शिकवली असणार, ती आठवून बघा. आठवी-नववीत क्वेश्चन टॅग असायचे. ‘एव्हरीबडी हॅज कम’ याच्यापुढे काय लिहायचं? ‘हॅव्हन्ट दे?’ ‘समवन कॉल्ड’ याच्यापुढे? ‘डिडन्ट दे?’ इथे ‘डिडन्ट ही?’ लिहिलं की तांबडी रेघ यायची. म्हणजे ज्या वहीत ‘समवन’ला ‘हिज’ लावा असं शिकवलं, त्याच वहीत पंधरा पानांनंतर ‘समवन’ला ‘दे’ लावा असंही शिकवलं. दोन्ही नियम आपण पाठ केले आणि ते एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत. मी स्वतः कित्येक वर्षं इंग्रजी शिकवल्यानंतर एका मुलीने हे मला विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तपासणाऱ्यांशी बोलताना हाच धागा धरा. त्यांना फक्त एवढं विचारा, ‘समवन कॉल्ड’ला टॅग कोणता लावाल? ‘डिडन्ट दे’ म्हणायला कोणीही अडखळत नाही. टॅगमध्ये ‘समवन’साठी ‘दे’ चालतं, मग पुढच्याच वाक्यात तोच ‘दे’ अनेकवचनी कसा ठरतो, याचं उत्तर जुन्या नियमाकडे नाही.

हे कालपरवाचं खूळही नाही. ‘प्रत्येक जण’ अशा अर्थाच्या शब्दासाठी ‘दे’ वापरल्याचा दाखला ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात १३७५च्या सुमाराचा आहे. त्यानंतरची काही शतकं लोक तसं लिहीत होते आणि कोणाला त्यात खटकत नव्हतं. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणाची शालेय पुस्तकं मोठ्या प्रमाणात निघू लागली. त्यातल्या काहींनी ‘दे’ चूक ठरवला आणि स्त्री की पुरुष माहीत नसेल तिथे ‘ही’च वापरावा असं सांगितलं. पुढे कायद्यानेही तोच मार्ग धरला. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली ठरवलं की कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर त्यात स्त्रियाही धराव्यात. आपल्याकडे १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं तेरावं कलम तेच सांगतं. मराठी शाळांमधल्या इंग्रजीच्या तासाला आलेला नियम याच वळणाचा आहे. कायद्याच्या मसुद्यात त्याचा उपयोग होता, कारण शब्दाचा अर्थ काय धरायचा हे कलम लिहून आधीच ठरवलेलं असतं. ट्रेनमध्ये राहिलेल्या छत्रीच्या वाक्याला असं कलम जोडलेलं नसतं. तिथे ‘हिज’ वाचला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो.

तुमच्या वाक्यात हीच खरी अडचण आहे. ‘समवन लेफ्ट हिज अम्ब्रेला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बोलणाऱ्याने त्या माणसाला उतरताना पाहिलं असावं. नाव माहीत नाही, पण पुरुष होता एवढं माहीत आहे. तुम्हाला तर तेही माहीत नाही. सीटवर छत्री दिसली आणि माणूस कुठे उतरला ते कळलं नाही, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. म्हणजे तपासणाऱ्यांची दुरुस्ती व्याकरण सुधारत नाही, ती वाक्यात एक खोटी माहिती घालते. शिकणारा मुलगा ते वाचेल आणि इंग्रजीत अनोळखी माणसाला ‘ही’ म्हणतात असं धरून चालेल.

‘हिज ऑर हर’ने खोटेपणा जातो, पण वाक्य चालेनासं होतं. याचा मला एकदा चांगलाच अनुभव आला. वीसेक वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यासाठी मी यंत्राजवळ चिकटवायची सुरक्षेची सूचना लिहून दिली होती, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे ‘ही’ लिहिलं. तिथल्या पॅकिंगवर बहुतेक बायका होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीने विचारलं, ‘हा नियम आमच्यासाठी नाही का?’ तिचं बरोबरच होतं. मग मी ‘ही ऑर शी’ केलं. एक ओळ अशी झाली: ‘द ऑपरेटर मस्ट रिमूव्ह हिज ऑर हर रिंग्ज बिफोर ही ऑर शी स्विचेस ऑन हिज ऑर हर मशीन.’ सूचना फक्त अंगठी काढून ठेवा एवढीच होती, आणि ती शोधायला दोनदा वाचावं लागत होतं. शेवटी ‘ऑपरेटर्स मस्ट रिमूव्ह देअर रिंग्ज’ असं सरळ अनेकवचन केलं. तिथे ते चाललं, कारण नियम सगळ्यांसाठीच होता. तुमच्या छत्रीबाबत ते चालणार नाही, कारण छत्री एकच आहे आणि विसरणारं माणूसही एकच.

‘पण ‘दे’ दिसायलाच अनेकवचनी आहे ना?’ असं तुमचे तपासनीस म्हणतील. हो, दिसायला आहे. पण मराठी माणसाने यावर अडून बसू नये, कारण आपण दिवसभर तेच करतो. ‘साहेब आले’, ‘आई बाहेर गेल्यात’, ‘डॉक्टर अजून बसलेत का?’ माणूस एक, रूप अनेकवचनाचं, क्रियापदही अनेकवचनाचं. आपल्याकडे त्यामागे आदर असतो, इंग्रजीत न कळलेली ओळख. कारण वेगळं आहे, पण रचना तीच. इंग्रजीतल्या ‘यू’चंही तेच झालं. तो मूळचा अनेकवचनी, एकट्या माणसाला ‘दाउ’ म्हणत. आज समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ म्हणत नाहीत.

याच्यावरून एक बारकावा लक्षात ठेवा, कारण वाक्यं पाठवताना चूक नेमकी इथे होते. ‘दे’ एका माणसासाठी आला तरी क्रियापद ‘आर’ आणि ‘हॅव’च राहतं. म्हणून एकाच माणसाबद्दलच्या एकाच वाक्यात दोन वेगळी क्रियापदं शेजारी येतात: ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला, अँड दे हॅव नॉट कम बॅक.’ ‘समवन’बरोबर ‘हॅज’, ‘दे’बरोबर ‘हॅव’. दोन्ही बरोबर. माणूस एक आहे म्हणून ‘दे हॅज’ लिहिलंत तर तपासणाऱ्यांनी ते परत पाठवायलाच हवं. ‘साहेब आला’ आपल्याला जसं टोचतं, तसं ते इंग्रजी कानाला टोचतं. ‘देमसेल्व्ह्ज’ की ‘देमसेल्फ’ यावर इंग्रज माणसांचंही अजून एकमत नाही, म्हणून संग्रहासाठी तो शब्द लागेल अशी वाक्यं सध्या टाळलेली बरी.

छापखान्याच्या नियमांचं म्हणाल, तर तेही बदललेत. मानसशास्त्राच्या अमेरिकन संघटनेच्या लेखनमार्गदर्शिकेने २०१९च्या आवृत्तीत अनोळखी एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरायला सांगितलं. शिकागोची लेखनमार्गदर्शिका औपचारिक लेखनाच्या बाबतीत बरीच वर्षं हात आखडून होती, तिने २०२४च्या अठराव्या आवृत्तीत परवानगी दिली. स्वतःसाठी ‘दे’ निवडलेल्या ओळखीच्या व्यक्तीबद्दल लिहिणं हा वेगळा विषय आहे. तिथे त्या व्यक्तीने सांगितलेलं पाळायचं. तुमच्या वाक्यात माणूसच माहीत नाही, आणि तिथलं ‘दे’ सगळ्यात जुनं, सगळ्यात बिनवादाचं आहे.

आता तपासणाऱ्यांची बाजू कुठे खरी ठरेल तेही सांगते, कारण ‘दे’ चालतो म्हणून तो कुठेही चालतो असं नाही. समजा तुम्ही पुढचं वाक्य असं पाठवलं: ‘इफ अ पॅसेंजर कॉल्स द गार्ड्स, दे मस्ट वेट ऑन द प्लॅटफॉर्म.’ कोणी थांबायचं? प्रवाशाने की गार्ड लोकांनी? ‘दे’ दोघांकडे जाऊ शकतो, आणि गार्ड खरोखरच अनेक असल्यामुळे वाचणारा आधी त्यांनाच धरेल. रबाळ्याच्या फलाटावर उभा असलेला माणूस ही सूचना वाचून गाडीत चढून जाईल. इथे ‘दे’ काढायचा आणि नाम पुन्हा लिहायचं: ‘द पॅसेंजर मस्ट वेट.’ माझी सवय अशी आहे की एका माणसासाठी ‘दे’ लिहिला की त्याच्या मागच्या आठ-दहा शब्दांत दुसरं कुठलं अनेकवचनी नाम आहे का ते बोट ठेवून बघते. तुमच्या छत्रीच्या वाक्यात तसं नाम नाही. ‘अम्ब्रेला’ एक, ‘ट्रेन’ एक. ‘दे’ला जायला ‘समवन’शिवाय जागाच नाही, म्हणून ते वाक्य स्वच्छ आहे.

दुसरी जागा म्हणजे बँकेच्या किंवा सरकारी भरतीच्या परीक्षा. चूक शोधायच्या प्रश्नात ‘एव्हरीवन शुड डू देअर ड्यूटी’ येतं आणि उत्तरतालिकेत ‘देअर’ चूक धरलेलं असू शकतं. तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. बाकीचे तुकडे निर्दोष असतील तर ‘देअर’वर खूण करायची. स्वतः वाक्य लिहायचं असेल तर सर्वनामच टाळायचं, ‘समवन हॅज लेफ्ट ॲन अम्ब्रेला ऑन द ट्रेन’, म्हणजे कोणत्याच परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहत नाही. तुमचा संग्रह परीक्षेसाठी नाही. लोक खरोखर कसं बोलतात ते दाखवण्यासाठी तो आहे, म्हणून तिथे ही पळवाट नको.

आता मराठी. इथे मला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण मी तीन-चार रूपं मोठ्याने म्हणून पाहिली.

शब्दाला शब्द लावला तर होतं, ‘कोणीतरी त्यांची छत्री गाडीत विसरलं.’ मराठी कानाला हे ऐकू येतं असं: कोणीतरी एक जण, आणि छत्री दुसऱ्याच कोणाची. शेजारच्या काकांची छत्री उसनी आणली आणि गाडीत विसरून आलं, असा काहीसा अर्थ. इंग्रजीत ‘देअर’ स्वतःचीही असू शकते आणि दुसऱ्याचीही. मराठीत कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर ‘आपली’ किंवा ‘स्वतःची’ लागतं. ‘त्याची’ किंवा ‘त्यांची’ म्हटलं की ती दुसऱ्याकडे गेली. म्हणून पहिली दुरुस्ती, ‘कोणीतरी आपली छत्री गाडीत विसरलं.’ आणि बघा, ‘आपली’ला ना स्त्री लागते ना पुरुष, ना एक ना अनेक. ज्यासाठी इंग्रजीला ‘देअर’ उसना घ्यावा लागला ते आपल्या शब्दात आधीच आहे.

तुमचा दुसरा प्रश्न ‘विसरला’, ‘विसरली’ की ‘विसरलं’ हा असेल. दार वाजलं की आतून आई विचारते, ‘कोण आलंय?’ कोण ते कळलेलं नसतं, म्हणून नपुंसकलिंग. दार उघडलं की मग ‘काकू आल्यात’ किंवा ‘दूधवाला आलाय’. मराठीने न कळलेल्या माणसासाठी हे ‘लं’ राखून ठेवलं आहे. ‘कोणीतरी विसरला’ म्हणणारेही आहेत, पण त्यात ‘हिज’सारखाच पुरुष डोकावतो. तुम्ही ‘विसरलं’च लिहा.

दुसरं वाक्य ‘आय होप दे कम बॅक फॉर इट.’ इथे ‘ते परत येतील’ लिहू नका. मराठी वाचक लगेच विचारेल, किती जण? किंवा त्याला वाटेल, कोणी मानाचा माणूस आहे. तुमच्या सोसायटीच्या फलकावर मात्र ‘ज्यांची छत्री जिन्यात राहिली असेल त्यांनी वॉचमनकडून घेऊन जावी’ असं लिहिलेलं कोणालाच खटकत नाही. छत्री तिथेही एकच, मालकही एकच. फरक असा की फलक त्या माणसाशीच बोलतो आहे, म्हणून आदराचं ‘त्यांनी’. तुमचं वाक्य त्याच्या पाठीमागे, तिसऱ्याच कोणाशी बोललेलं आहे. तिथे आदराचं अनेकवचन उगाच कोणीतरी माननीय उभं करतं.

सुटका भविष्यकाळात आहे. ‘येईल’ला लिंग नाही. ‘आला’, ‘आली’ला आहे, ‘येतो’, ‘येते’ला आहे, पण ‘येईल’ स्त्रीला तोच, पुरुषाला तोच. आणि सर्वनाम तर मराठीत गाळताच येतं. ‘घ्यायला परत येईल अशी आशा आहे’ हे व्याकरणाने बिनचूक आहे, पण ‘अशी आशा आहे’ पत्रातलं वाटतं. गाडीत शेजारच्या बाईला आपण म्हणू, ‘घ्यायला परत आलं म्हणजे बरं.’ इथे पुन्हा तेच ‘आलं’.

आणि मला विचाराल तर पहिलं वाक्यही आपण मुळात वेगळंच म्हणतो. ट्रान्सहार्बरच्या गाडीत घणसोलीला माणसं उतरली आणि सीटवर छत्री दिसली, तर ‘कोणीतरी आपली छत्री विसरलं’ असं क्वचितच तोंडून निघतं. आपण म्हणतो, ‘अगं, कोणाची तरी छत्री राहिली.’ कर्ता छत्री झाली, ‘राहिली’ छत्रीच्या मागे गेलं, आणि माणूस बाई की बुवा हा प्रश्नच उरला नाही.

संग्रहात एका इंग्रजी वाक्याला एकाहून जास्त भाषांतरं जोडता येत असतील तर दोन्ही स्वतंत्र पाठवा. एक इंग्रजीच्या जवळचं: ‘कोणीतरी आपली छत्री गाडीत विसरलं. घ्यायला परत येईल अशी आशा आहे.’ दुसरं बोलण्यातलं: ‘कोणाची तरी छत्री गाडीत राहिली. घ्यायला परत आलं म्हणजे बरं.’

तपासणाऱ्यांना उत्तर लिहाल ते छोटंच लिहा. इतिहास, कायदा, शब्दकोश काही घालू नका, त्याने माणसं आणखी अडून बसतात. एवढं पुरे: ‘छत्री कोणाची ते माहीत नाही, म्हणून देअर. समवन कॉल्ड, डिडन्ट दे? याच धर्तीवर. हिज ऑर हर असलेलं वाक्य संग्रहात हवं असेल तर ते वेगळं जोडावं, हे बदलू नये ही विनंती.’